नापसंतीचा आकडा झाकावा काय?

संगणकक्षेत्रात नोकरी मागणाऱ्या मुलामुलींची मुलाखत म्हटली की, फळ्यावर सोडवलेली कोडी आणि प्रोग्रामच्या ओळी हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु काही कंपन्यांच्या मुलाखतींत एक असाही प्रश्न येतो, ज्यात प्रोग्रामची एक ओळही लिहावयाची नसते. एखादी सोय वापरणाऱ्यांना द्यावी की काढून घ्यावी, आणि दिल्यावर ती सफल झाली हे कशावरून ओळखावे, एवढेच उमेदवाराला विचारतात. 'प्रॉडक्ट सेन्स' या नावाने हा प्रकार ओळखला जातो. हैदराबाद किंवा बंगळूर येथे मुलाखतीला जाणारा मुलगा घरात असेल, तर हे नाव वाचकांच्या कानांवरून गेलेही असेल.

असे प्रश्न पुष्कळदा प्रत्यक्षात घडलेल्या निर्णयांवरून घेता येतात, आणि त्यांतला एक फार बोधक आहे. यूट्यूबवर चित्रफितीखाली दोन अंगठे असतात, एक पसंतीचा व दुसरा नापसंतीचा. पूर्वी दोहोंपुढेही आकडा दिसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने नापसंतीचा आकडा सर्वसामान्य प्रेक्षकांपासून झाकला. बटण राहिले, चित्रफीत तयार करणाऱ्याला आपला आकडा खासगीत पाहण्याची सोयही राहिली. कारण असे सांगण्यात आले की, काही लोक टोळीने येऊन केवळ तो आकडा फुगवण्यासाठी नापसंती दाबतात, आणि त्याचा मार लहान, नवख्या मंडळींना अधिक बसतो. आकडा झाकून घेतलेल्या चाचणीत असे हल्ले कमी झाल्याचे कंपनीचे म्हणणे होते. टीकाही कडाडून झाली. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक असलेले जावेद करीम यांनी २००५ साली तेथे चढवलेल्या पहिल्यावहिल्या चित्रफितीचे वर्णन बदलून या निर्णयावर आपला निषेध नोंदवला. कंपनीच्याच २०१८ च्या वार्षिक चित्रफितीला नापसंतीचा उच्चांक मिळाला होता, याचीही आठवण टीकाकारांनी करून दिली.

आता समजा, मुलाखतीत विचारले, "हा निर्णय तुमच्यापुढे आला असता तर?" कच्चा उमेदवार लगेच आपले मत सांगून मोकळा होतो. जाणता उमेदवार आधी विचारतो की, हा आकडा कोणाच्या कोणत्या कामी येतो? गाणे ऐकणाऱ्याला त्याचे फारसे प्रयोजन नाही. पण गळका नळ दुरुस्त करण्याची कृती शोधणाऱ्याला तो आकडा म्हणजे दुकानाबाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाने दिलेली सूचना असते. म्हणजे एका बाजूला नवख्या कलावंताचे संरक्षण, आणि दुसऱ्या बाजूला प्रेक्षकाची सावधगिरी. एक घेतले तर दुसरे थोडेतरी सोडावे लागणार, हे मान्य केल्यावाचून पुढचा विचार होत नाही.

मग प्रश्न येतो मोजमापाचा. 'नापसंतीची संख्या घटली म्हणजे जिंकलो', हे उत्तर वरवर पटते, पण ते फसवे आहे. एक कल्पित हिशेब मांडून पाहू. एका चित्रफितीला २०० नापसंती मिळाल्या. त्यांतील १५० बाहेरच्या दुव्यावरून येऊन दहा सेकंदांच्या आत बटण दाबणाऱ्यांच्या आहेत. ५० अर्ध्याहून अधिक चित्रफीत पाहिलेल्यांच्या आहेत. आकडा झाकल्यावर एकूण नापसंती ८० वर आल्या. या ८० मध्ये ३५ पहिल्या गटाच्या व ४५ दुसऱ्या गटाच्या असतील, तर टोळी पांगली आणि प्रामाणिक प्रेक्षक जवळजवळ तसाच बोलता राहिला. पण ६० व २० अशी वाटणी असेल, तर दोन्ही गट सारख्याच प्रमाणात गप्प झाले. 'आपले मत दिसणारच नाही तर दाबायचे कशाला?' असे भल्या माणसालाही वाटले. बेरीज दोन्हीकडे ८० च. म्हणून यशाचा मापदंड दोन भागांत तोडून घ्यावा लागतो. ही विभागणीही निर्दोष नव्हे. शीर्षकाने फसवले गेलेला सज्जन दहा सेकंदांतच रागावून बटण दाबू शकतो. ही उणीव आपण होऊन सांगणारा उमेदवार मला अधिक विश्वासाचा वाटतो.

मुख्य मापदंडाबरोबर एक राखणदार मापदंडही नेमावा लागतो, म्हणजे आपल्या सुधारणेने दुसरीकडे मोडतोड तर होत नाही ना, हे कळते. येथे तो नळाच्या उदाहरणातच आहे: चित्रफीत उघडून अर्ध्या मिनिटात परत फिरणारे आणि त्याच शोधातली दुसरी उघडणारे प्रेक्षक किती? कृती शिकवणाऱ्या चित्रफितींत हे प्रमाण वाढले, तर प्रेक्षकाची सावधगिरी आपण खरोखरच हिरावून घेतली. सर्व चित्रफितींची सरासरी काढली, तर गाण्यांच्या गर्दीत ही वाढ बुडून जाईल.

चुकीच्या मापदंडाचे परिणाम यूट्यूबने आधी भोगलेही होते. एके काळी शिफारशींत किती वेळा चित्रफीत उघडली गेली याला फार वजन असे. त्यामुळे भडक दर्शनी चित्र लावून आत काहीच न देणाऱ्यांचे फावले. २०१२ मध्ये पाहण्यात गेलेल्या वेळेला महत्त्व देण्यात आले. पुढे वेळही अपुरा ठरला, कारण वेळ गेला म्हणजे समाधान झाले असे नव्हे. तेव्हा प्रेक्षकांना थेट विचारण्याची प्रश्नावली जोडली गेली.

यापुढची पायरी चाचणीची, आणि चांगले चांगले अभियंते येथेच अडखळतात. नेहमीची रीत अशी की, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्या प्रेक्षकांना आकडा दाखवावा, निम्म्यांना लपवावा. पण टोळी ही एकेकट्या माणसांची नसते. ज्यांना आकडा दिसतो ते त्याचे छायाचित्र काढून पसरवतात आणि न दिसणाऱ्यांनाही चेव आणतात. दोन्ही गट एकमेकांत मिसळले की परिणाम खऱ्याहून कमी दिसतो. शिवाय ज्याच्या रक्षणासाठी हे चालले आहे, त्या एकाच कलावंताला दोन्ही गटांकडून मार बसत असतो. तेव्हा प्रेक्षकांऐवजी कलावंतच दोन गटांत वाटावेत, हा एक मार्ग. त्यात प्रेक्षकाला एका चित्रफितीखाली आकडा दिसेल, दुसरीखाली नाही, आणि त्याचा गोंधळ उडेल. भाषेनुसार वाटणी करता येते. मराठी चित्रफितींचा प्रेक्षक, तो बडोद्याचा असो वा बेळगावचा, बहुतांशी मराठीच असतो, त्यामुळे सरमिसळ कमी होते. पण भाषा मोजक्याच. तुलनेला गट थोडे उरतात आणि लहानसा फरक दिसत नाही.

मधले मार्गही तपासावेत. आकड्याऐवजी नुसते प्रमाण दाखवले, तर टोळीला फुगवण्यासाठी लक्ष्य उरतेच. फक्त लहान कलावंतांचा आकडा झाकावा, तर फसवी औषधे सांगणाराही बहुधा लहानच असतो. मला स्वतःला, कृती व आरोग्याच्या चित्रफितींपुरता आकडा ठेवून इतरत्र झाकणे अधिक रास्त वाटते. मात्र कोणती चित्रफीत कोणत्या वर्गात घालावयाची, हे ठरवणारी यंत्रणा चुकणार आणि त्या चुकांचा खर्च कोणीतरी सोसणार, हेही त्याच दमात सांगावे लागेल.

अखेरीस परीक्षक बहुधा विचारतो, "कोणते आकडे पाहिल्यावर तुम्ही हा निर्णय मागे घ्याल?" त्याचे उत्तर चाचणी सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावयाचे असते: दुसऱ्या गटाच्या ५० नापसंती कितीच्या खाली गेल्या तर, आणि अर्ध्या मिनिटात परत फिरणारे कितीने वाढले तर.