पहिला ईमेल: जड शब्द नकोत, संदर्भ हवा

चॅटमधला निरोप व्यावसायिक करायचा म्हणजे त्यात ‘महोदय’, ‘सविनय’ असे शब्द पेरायचे, असा समज सर्रास आढळतो. खरे तर त्यात भर घालायची असते ती संदर्भाची. चॅटमध्ये आधीचे बोलणे वरच दिसते. पहिल्या ईमेलच्या वर काहीच नसते. अनोळखी घराची बेल वाजवल्यावर आपण आधी नाव आणि काम सांगतो, तसेच हे.

समजा, एका डिझायनरने लिहिले आहे : ‘हाय, लोगोचं होईल. रेट पाठवू? कधी बोलूया?’

ईमेलमध्ये सब्जेक्ट (विषयाची ओळ) असा असेल : ‘बेकरीचा लोगो : दरपत्रक आणि फोनची वेळ’. मजकूर असा :

‘नमस्कार. मी ग्राफिक डिझायनर आहे. आपल्या बेकरीच्या लोगोबाबत आपल्या भागीदारांशी सोमवारी बोलणे झाले. ३ नमुने आणि २ वेळा दुरुस्ती, असे दरपत्रक सोबत जोडले आहे. गुरुवारी दुपारी ४ वाजता फोनवर बोलता येईल का?’

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर.

यात एकही अवघड शब्द नाही. सर्वांत उपयोगी बदल शेवटच्या वाक्यात आहे. ‘कधी बोलूया?’ म्हटले की वेळ शोधण्याचे काम ग्राहकावर पडते आणि उत्तर लांबते. ठरावीक वेळ सुचवली, की त्याला ‘हो’ एवढेच लिहावे लागते.