हजमध्ये अनवाणी चालणे : पोळलेल्या तळव्यांची काळजी कशी घ्याल?

हजवरून परतलेल्या बऱ्याच हाजींच्या तळव्यांना फोड आणि टाचांना भेगा असतात. "चालून चालून झालं, होईल बरं," असे म्हणून घरचे सोडून देतात. पण यातले सगळे फोड चालण्याचे नसतात. काही चक्क भाजल्याचे असतात, आणि त्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते.

हे भाजणे बहुतेक वेळा चप्पल हरवल्यामुळे होते. हरम शरीफच्या मताफमध्ये ग्रीसच्या थासोस बेटावरचा पांढरा संगमरवर बसवला आहे. तो भर उन्हातही फारसा तापत नाही, त्यामुळे तवाफ अनवाणी आरामात होतो. नंतर बाहेर यावे तर दारात ठेवलेली चप्पल सापडत नाही. हॉटेल जवळच आहे म्हणून माणूस तसाच निघतो. पण बाहेरचे काळे डांबर ऊन शोषून घेते. १७ जून २०२४ रोजी मक्केत हवेचे तापमान ५१.८ अंशांवर गेले होते. अशा उन्हात डांबर ६० अंशांच्या सहज पुढे जाते, आणि त्यावर काही मिनिटे चालले तरी तळवा पोळतो.

निरोगी माणसाला लगेच चटका बसतो आणि तो सावली गाठतो. खरा धोका शुगरच्या रुग्णाला आहे. बरीच वर्षे मधुमेह असला की पायाच्या नसा बधिर होतात आणि चटका कळतच नाही. समजा, साठीचे एक हाजीसाहेब आहेत, बारा वर्षांपासून शुगर आहे. दुपारी जोहरनंतर ते अनवाणी दहा मिनिटे चालून खोलीवर येतात. काही दुखत नाही, म्हणून झोपतात. असरच्या वुजूला पाय धुताना टाचेवर आणि बोटांच्या खालच्या गादीवर मोठे फोड दिसतात. एका जागी कातडी पांढरी पडली आहे, तिथे बोट लावले तरी कळत नाही. न दुखणारी ही पांढरी जागाच सर्वांत खोल भाजलेली असते. त्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

पाय पोळल्याचे कळताच सावलीत बसा आणि नळाचे साधे गार पाणी २० मिनिटे तळव्यांवर सोडा. बर्फ लावू नका, त्याने जखम वाढते. फोड फोडू नका, वरची कातडी हेच त्याचे झाकण आहे. टूथपेस्ट, हळद, मेंदी काही लावू नका. मेंदीने थंड वाटते, पण रंगामुळे डॉक्टरांना जखमेची खोली कळत नाही. व्हॅसलीन लावलेली निर्जंतुक जाळी ठेवून वर सैल पट्टी बांधा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगा.

त्यानंतर पायावर भार देऊ नका. इथेच बहुतेकांचे चुकते. तवाफ आणि सई व्हीलचेअरवर करता येते. वुजूत पट्टी भिजवायची गरज नाही, जखमेच्या पट्टीवर मसह करता येतो. तपशील आपल्या आलिमसाहेबांना विचारून घ्या.

वरवरचे भाजणे साधारण दोन आठवड्यांत भरते. तीन आठवडे झाले तरी जखम ओली असेल, लाली वर चढत असेल, पू, वास किंवा ताप असेल, किंवा शुगर अचानक वाढली असेल, तर थांबू नका.

नवी कातडी गुलाबी आणि पातळ असते, म्हणून महिना-दोन महिने घरातही मऊ चप्पल घाला. टाचेच्या भेगा हा नंतरचा त्रास. कोरडी, जाड कातडी वजनाने फाटते. जखम पूर्ण भरल्यावर रात्री पाय धुऊन पुसा, १० ते २५ टक्के युरिया असलेले क्रीम टाचेला लावा आणि सुती मोजे घालून झोपा. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबते. तेव्हा ती भरेपर्यंत फक्त व्हॅसलीन लावा. बोटांच्या मध्ये काही लावू नका. शुगर असेल तर गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका आणि ब्लेडने कातडी कापू नका.

आता पुढे जाणाऱ्यांसाठी. एहराममध्ये अनवाणी चालणे बंधनकारक नाही. पुरुषांना घोटे आणि पायाचा वरचा भाग उघडा राहील अशी चप्पल चालते, महिलांना मोजे-बूटही चालतात. चप्पल दारात ठेवू नका. कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवा आणि त्याच पिशवीत पातळ रबरी चपलेचा दुसरा जोड ठेवा. शुगर असलेल्यांनी रोज ईशानंतर आरशात तळवे बघावेत, किंवा सोबतच्या माणसाला बघायला सांगावे.