आभाळाला पडलेल्या पायऱ्या

हर्णैच्या बंदरावर चित्रित केलेला एक छोटा माहितीपट गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे दुरुस्तीला आला. मूळ फूटेजची हार्ड डिस्क बंद पडली होती. हातात उरली होती ती कुणालातरी पाठवण्यासाठी खूप दाबून केलेली एक प्रत. ज्यांनी तो माहितीपट केला ते काका शेजारी बसले आणि संध्याकाळचा शॉट लागताच म्हणाले, "हे बघा, आभाळाला पायऱ्या पडल्यात." समोर सुवर्णदुर्गाची काळी रेघ होती, एका होडीची डोलकाठी होती. त्यांच्यावरचं आभाळ मात्र एकसंध उरलं नव्हतं. त्याचे आडवे पट्टे झाले होते, काही किंचित गुलाबी, काही किंचित हिरवट.

धंद्यात याला बँडिंग म्हणतात. उपाय करण्याआधी मी नेहमी एक तपासणी करतो, कारण कधीकधी दोष फाइलमध्ये नसून पडद्यात असतो. स्वस्त मॉनिटर स्वतःच छटा कमी दाखवतात. म्हणून चित्र मोठं करून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या पिक्सेलचे आकडे वाचायचे. हर्णैच्या शॉटमध्ये आभाळाने चौकटीच्या वरच्या ६४८ ओळी व्यापल्या होत्या. वरच्या टोकाला उजळपणा ९६ होता आणि क्षितिजाशी १२०. म्हणजे ६४८ ओळींत २४ पायऱ्या, एकेक पायरी २७ ओळींची. प्रत्यक्षात काही जागी आकडा एकदम दोनाने उडत होता आणि तिथला पट्टा पन्नासहून जास्त ओळींचा झाला होता. पट्ट्याच्या आत सगळे पिक्सेल अगदी एकसारखे होते, एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. दोष फाइलमध्येच होता हे त्यावरून ठरलं.

इथे बहुतेकांचा समज असा होतो की ८ बिटमध्ये छटाच कमी, म्हणून पट्टे पडले. हे अर्धंच खरं आहे. ८ बिट व्हिडिओत उजळपणासाठी साधारणपणे १६ ते २३५ एवढेच आकडे वापरतात, म्हणजे २२० पायऱ्या. पण कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइलही ८ बिटचीच होती, आणि काका शपथेवर सांगत होते की तिच्यात आभाळ साफ होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कॅमेऱ्याच्या सेन्सरमधून चित्राबरोबर बारीक दाणेही येतात. ज्या जागी खरा उजळपणा १०० आणि १०१ यांच्या मध्ये असतो, तिथे या दाण्यांमुळे काही पिक्सेल १०० होतात आणि काही १०१. लांबून पाहणाऱ्या डोळ्याला त्यांची सरासरी दिसते आणि पायरीची कड विरघळून जाते.

फाइल दाबणारा एन्कोडर नेमके हेच दाणे काढून टाकतो. तो चित्राचे छोटे चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी व तिच्यावरचे चढउतार वेगळे काढतो. बिटरेट कमी असला की बारीक चढउतार तो शून्य करून टाकतो. आभाळाच्या चौकोनात सरासरी सोडली तर बारीक चढउतारच असतात. ते गेले की उरतो सपाट तुकडा, त्याच्या शेजारी एका आकड्याने वेगळा दुसरा सपाट तुकडा. रंगाच्या बाबतीत हाल जास्त होतात. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच ठेवलेली असते आणि तीही कमी आकड्यांत भागवलेली असते. गुलाबी आणि हिरवट पट्टे येतात ते तिथून.

एका आकड्याचा फरक डोळ्याला एवढा का खुपावा? एर्न्स्ट माखने १८६५ मध्ये याचं वर्णन केलं आहे. जिथे उजळपणाचा चढ अचानक बदलतो, तिथे आपली दृष्टी कड वाढवून दाखवते. उजळ बाजू जास्त उजळ वाटते, गडद बाजू जास्त गडद. चित्राचा दर्जा मोजण्याच्या जुन्या पद्धतींना मात्र हा दोष जवळजवळ दिसतच नाही, कारण प्रत्येक पिक्सेलची चूक फार तर एकदोन आकड्यांची असते. नेटफ्लिक्सला २०२१ मध्ये केवळ बँडिंग मोजण्यासाठी 'कॅम्बी' नावाचं वेगळं माप पुढे आणावं लागलं, ते याचमुळे.

आता दुरुस्ती. पहिला मोह होतो तो फाइल १० बिटमध्ये बदलून घेण्याचा. नुसत्या त्याने काहीच घडत नाही. १०० चे ४०० होतात, १०१ चे ४०४ होतात. ४०१, ४०२, ४०३ या नव्या जागा तयार होतात, पण रिकाम्याच राहतात. त्या भरण्याचं काम डीबँड फिल्टर करतो. तो प्रत्येक पिक्सेलपासून काही अंतरावरचे चार पिक्सेल पाहतो. हे अंतर दर पिक्सेलला वेगळं, सोडतीसारखं ठरतं. त्या चौघांच्या सरासरीत आणि आपल्या पिक्सेलमध्ये फरक फार थोडा असेल, तर तो पिक्सेलच्या जागी सरासरी ठेवतो. फरक मोठा असेल, तर ती खरी कड समजून हात लावत नाही. पायरीच्या कडेपाशी वरचे दोन ४०० आणि खालचे दोन ४०४ मिळाले की मधे ४०२ येऊन बसतो. शेजारच्या पिक्सेलला दुसरं अंतर मिळालेलं असतं, म्हणून तो ४०० च राहू शकतो. अशा रीतीने सरळ कडेच्या जागी विखुरलेले दाणे येतात.

हर्णैच्या शॉटला मी हे दिलं:

```
ffmpeg -i harnai.mp4 -vf "format=yuv420p10le,deband=1thr=0.012:2thr=0.01:3thr=0.01:range=28" -c:v libx265 -crf 16 harnai10.mkv
```

यातले दोनच आकडे समजून घेण्यासारखे आहेत. `range` म्हणजे फिल्टर किती लांब पाहणार. एरवी तो १६ पिक्सेल असतो. पट्टा पन्नास ओळींचा असेल, तर मधल्या पिक्सेलला १६ च्या अंतरात आपल्यासारखेच शेजारी दिसतात आणि तो जागचा हलत नाही. पायरीची कड मऊ होते, पण पायरी उरतेच. म्हणून हा पल्ला निदान पट्ट्याच्या निम्मा हवा. `1thr` ही उजळपणाच्या फरकाची मर्यादा. ०.०१२ म्हणजे ८ बिटच्या हिशेबात सुमारे तीन आकडे. दोनाच्या पायऱ्या त्यात मावत होत्या. आधी मी मूळचा ०.०२ ठेवून पाहिला होता, म्हणजे सुमारे पाच आकडे. आभाळ रेशमासारखं झालं, पण क्षितिजाजवळचा धुक्याचा एक विरळ पदर नाहीसा झाला. तो पदर आजूबाजूच्या आभाळाहून चारच आकड्यांनी वेगळा होता. फिल्टरला पायरी कुठली आणि धुकं कुठलं, हे कळत नाही. त्याला फक्त फरक कळतो. शेवटी क्षितिजालगतच्या भागावर मास्क लावून मी तिथे फिल्टर चालूच दिला नाही. थोडे पट्टे तिथे राहिले, आणि मला ते मान्य आहेत. काकांनी तासन्तास बसून टिपलेलं धुकं मी पुसणार नव्हतो.

इथपर्यंत चित्र १० बिटमध्ये आहे. खूप ठिकाणी ते पुन्हा ८ बिटमध्ये द्यावं लागतं, आणि डिदरिंगचं खरं काम तिथे सुरू होतं. ४०१ चे चौथाई केले की येतात १००.२५. सरळ पूर्णांक केला तर सगळे १०० होतील आणि आपण भरलेल्या जागा पुन्हा रिकाम्या होतील. डिदरिंगमध्ये पूर्णांक करण्याच्या आधी प्रत्येक आकड्यात थोडी वरखाली भर घालतात. मग चारांतला एक पिक्सेल १०१ होतो, तीन १०० राहतात आणि सरासरी १००.२५ टिकते. भर आधीच घालायची असते. पूर्णांक झाल्यावर टाकलेले दाणे पट्टा थोडा झाकतात, पण हरवलेली छटा परत आणत नाहीत.

व्यक्तिचित्राची रांगोळी काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गालावरची सावली उतरवताना ते प्रत्येक छटेची भुकटी कालवत बसत नाहीत. एका रंगावर दुसऱ्या रंगाचे कण चिमटीतून विरळ होत जातील असे भुरभुरतात, आणि उभ्याने पाहणाऱ्याला सलग उतार दिसतो. हे कण कसे पडावेत यावरच डिदरिंगचा सगळा इतिहास उभा आहे. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये चित्राच्या संकेतांत मुद्दाम गोंगाट मिसळून कमी बिटमध्ये चित्र पाठवण्याची पद्धत मांडली. पण निव्वळ सोडतीने पडलेले कण काही जागी गोळा होतात आणि चित्र मळकट दिसतं. १९७३ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी कणांची ठरावीक जाळी सुचवली. आज बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर असलेली रंगांची चौकडीही त्यांचीच. जाळी स्वस्त पडते, पण जवळून विणीसारखी दिसते. १९७६ मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी प्रत्येक पिक्सेलची उरलेली चूक पुढच्या चार शेजाऱ्यांत सोळाव्या हिश्श्यांनी वाटली: ७, ३, ५ आणि १. स्थिर चित्रात ही पद्धत मला सर्वांत आवडते. व्हिडिओत मात्र एक गोष्ट पाहावी लागते. कणांची रचना प्रत्येक फ्रेमला तीच राहिली आणि कॅमेरा फिरला, तर काचेवरची धूळ जागीच आहे आणि आभाळ मागून सरकतं आहे असं वाटतं. कण फ्रेमगणिक बदलले की तेच जिवंत ग्रेनसारखे दिसतात.

खरी अडचण शेवटच्या एक्स्पोर्टला येते. डिदरिंगचे कण एका आकड्याएवढे बारीक असतात, आणि आपण पाहिलंच की कमी बिटरेटला एन्कोडर आधी असलेच चढउतार पुसतो. माझ्या पहिल्या ८ बिट एक्स्पोर्टमध्ये नेमकं तेच झालं. टाइमलाइनवर आभाळ सुरेख, निघालेल्या फाइलमध्ये पायऱ्या परत. यावर मला तीनच मार्ग ठाऊक आहेत. एक, शेवटपर्यंत १० बिट ठेवणं. तिथे छटांना स्वतःच्या जागा असतात, त्यामुळे कणांवर भार कमी पडतो. जपानी ॲनिमेशनच्या चाहत्यांनी २०११ च्या सुमारास याच कारणासाठी १० बिटचा एच.२६४ धरला होता. तेव्हाचे टीव्ही आणि हार्डवेअर प्लेअर तो चालवत नसत. १० बिटचा एच.२६५ आजचे बरेच टीव्ही चालवतात. दुसरा मार्ग, ८ बिट टाळताच येत नसेल तर बिटरेट वाढवायचा आणि डिदरिंगहून जरा जाड, फ्रेमगणिक बदलणारा ग्रेन घालायचा, म्हणजे एन्कोडरला तो शून्य करता येत नाही. x264 मध्ये `--aq-mode 3` दिल्याने अंधाऱ्या भागांना जास्त बिट मिळतात, त्याचाही उपयोग होतो. पण फाइल कुठल्या वेबसाइटवर चढवायची असेल, तर ती तिथे पुन्हा दाबली जाणार हे धरूनच ग्रेन ठरवावा लागतो.

तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: कण फाइलमध्ये पाठवायचेच नाहीत, पाहण्याच्या क्षणी घालायचे. mpv प्लेअरमध्ये `--deband=yes` दिलं की तो चित्र उलगडल्यावर पट्टे मोडतो, वर बारीक ग्रेन टाकतो आणि मग पडद्याच्या बिटनुसार डिदर करतो. त्यानंतर कुणी एन्कोडर येत नाही, म्हणून ते कण पुसले जात नाहीत. एव्ही१ मध्ये हीच कल्पना फॉरमॅटमध्येच आली आहे. एन्कोडर ग्रेन काढून फक्त त्याचं वर्णन पाठवतो आणि उलगडणारा तसाच ग्रेन नव्याने पेरतो.

काकांना मी दोन फाइली दिल्या. १० बिटची एक, घरच्या टीव्हीसाठी पेन ड्राइव्हवर; आणि ग्रेन घातलेली ८ बिटची दुसरी, शाळांमधून प्रोजेक्टरवर दाखवण्यासाठी. दुसरी फाइल पहिलीच्या जवळजवळ तिप्पट झाली. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी तो शॉट थांबवून डोलकाठीच्या वरचा आभाळाचा तुकडा आठपट मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ ते दाणे पाहत राहिले.