चार तासांचा ओव्हरलॅप, पण कुणाच्या घड्याळानं?

समजा, नाशिकमधली एक टेस्टिंग इंजिनीअर घरूनच करायच्या नोकरीसाठी मुलाखत देते. टीम सॅन फ्रान्सिस्कोची. मुलाखत छान होते आणि शेवटी मॅनेजर सहज म्हणतो, ‘रोज चार तासांचा ओव्हरलॅप लागेल.’ ती लगेच हो म्हणते. पण हे चार तास नेमके कुठले, ते कुणीच बोललेलं नसतं.

ते तिथल्या सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंतचे असतील, तर उन्हाळ्यात नाशिकमध्ये रात्रीचे साडेनऊ ते दीड वाजलेले असतात. त्यातही एक मेख आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. भारतीय वेळ वर्षभर जागची हलत नाही. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की तेच काम रात्री साडेदहाला सुरू होऊन अडीचला संपतं. घरात सकाळी सातला शाळेची बस पकडणारं मूल असेल, तर हा एक तास फार मोठा असतो.

म्हणून मुलाखतीनंतर आभाराचा जो मेल जातो, त्यातच हे विचारून घ्यावं. ऑफर लेटरवर सही झाल्यावर हाच प्रश्न तक्रारीसारखा वाटतो. आधी विचारला तर तो कामाची तयारी दाखवतो. इंग्रजीत लिहायच्या त्या मेलचा गाभा साधारण असा असू शकतो: ‘चार तासांच्या ओव्हरलॅपबद्दल आपण बोललो होतो. मला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेअकरा जमेल. नोव्हेंबरनंतरही हीच वेळ राहील का, की ती तिकडच्या घड्याळाबरोबर सरकेल? आणि गेल्या आठवड्यात टीमच्या मीटिंगा कोणत्या दिवशी, किती वाजता झाल्या?’

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. ‘आम्ही वेळेबाबत लवचिक आहोत’ या उत्तरातून काहीच हाती लागत नाही. गेल्या आठवड्याचं कॅलेंडर मात्र खरं काय ते सांगतं. त्यात शुक्रवारी सकाळी अकराची मीटिंग दिसली, तर उन्हाळ्यातही इथे शुक्रवारी रात्री साडेअकराला बसावं लागणार आणि मीटिंग तासभर चालली की शनिवार उजाडणार. ती बदलता येईल का, रेकॉर्डिंग पाहून लेखी उत्तर दिलं तर चालेल का, हेही तिथेच विचारावं.

मागितलेल्या वेळेतही अडचण आहे. इथले साडेसात म्हणजे उन्हाळ्यात तिथले सकाळचे सात आणि हिवाळ्यात सहा. टीममधलं कुणी इतक्या लवकर बसत नसेल, तर तो ओव्हरलॅप कागदावरच राहतो. अशा वेळी रोजच्या चार तासांऐवजी आठवड्यातून दोनच रात्री उशिरापर्यंत बसण्याचा पर्याय मांडता येतो.

एकदा ठरलं की कॅलेंडरमधल्या मीटिंगचा टाइम झोन तपासून घ्यावा. तो `America/Los_Angeles` असेल, तर नोव्हेंबरमध्ये मीटिंग आपल्याकडे तासभर उशिरा सरकेल. `Asia/Kolkata` असेल, तर तिथल्या लोकांना तासभर लवकर यावं लागेल.