उलटलेली अक्षरे: कॅप्स लॉकविषयीचे काही गैरसमज

कॅप्स लॉक चालू राहिलेला असताना टंकलेखन करणाऱ्याने नेहमीच्या सवयीने शब्दाच्या आरंभी शिफ्टची कळ दाबली, की `Sinhagad` या शब्दाऐवजी पडद्यावर `sINHAGAD` उमटतो, आणि असा मजकूर पाहून कळफलक बिघडला असावा, असे अनेकांना वाटते. वस्तुतः यात बिघाड कोणताच नसतो. सर्वसाधारण संगणकात कळफलक अक्षर पाठवीतच नाही, तर कोणती कळ दाबली गेली एवढेच कळवितो; कॅप्स लॉक चालू असल्याची नोंद ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते आणि त्या नोंदीनुसार मोठे किंवा लहान अक्षर निवडते. विंडोजमध्ये ही नोंद आणि शिफ्ट यांपैकी एकच लागू असेल तर मोठे अक्षर मिळते, आणि दोन्ही एकत्र आली तर ती परस्परांना रद्द करून लहान अक्षर देतात.

कॅप्स लॉक म्हणजे शिफ्ट कायमची दाबून ठेवणे, हा समजही याच ठिकाणी तपासून घेण्याजोगा आहे. जुन्या टंकयंत्रावरील शिफ्ट लॉकचे वर्णन तसे करता येईल, कारण त्याने अंकांच्या कळांवरही वरची चिन्हे उमटत असत. इंग्रजी मांडणीतील कॅप्स लॉक मात्र केवळ अक्षरांना लागू होतो. म्हणून `Sinhagad@1756` असे लिहू पाहणाऱ्याच्या हातून `sINHAGAD@1756` लिहिले जाते, म्हणजे अक्षरे उलटतात, पण `@` आणि अंक जागच्या जागी राहतात, आणि कॅप्स लॉकची चूक ओळखण्याची हीच सर्वांत सोपी खूण होय.

मॅक संगणकावर हाच प्रकार वेगळ्या रीतीने घडतो, कारण तेथे कॅप्स लॉक चालू असताना शिफ्ट दाबली तरी मोठेच अक्षर मिळते आणि मजकूर `SINHAGAD@1756` असा होतो. हा मजकूर अधिक नीटनेटका दिसत असला तरी नुकसान खरे त्यातच झालेले असते: मूळ मजकुरात कोणते अक्षर मोठे होते ही माहिती पुसली जाते. विंडोजवरील विचित्र दिसणाऱ्या मजकुरात ती शाबूत असते, आणि प्रत्येक अक्षराची जात पुन्हा उलटविली की मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. आस्की या संकेतावलीत `S` चा क्रमांक ८३ आणि `s` चा ११५ असून प्रत्येक जोडीत हाच ३२ चा फरक असल्यामुळे ही उलटापालट म्हणजे एका बिटचा बदल ठरते; पायथॉन भाषेत त्यासाठी तयार क्रियाच आहे.

```python
"sINHAGAD@1756".swapcase()
```

असा मजकूर वाचता येऊ नये, कारण माणूस शब्द त्याच्या बाह्य आकारावरून ओळखतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु जॉर्ज मॅकॉन्की आणि डेव्हिड झोला यांचा १९७९ मधील प्रयोग या समजुतीला प्रतिकूल आहे. त्यांनी एकाआड एक मोठ्या व लहान अक्षरांचा मजकूर वाचावयास दिला आणि वाचकाची नजर एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी घेत असतानाच सर्व अक्षरांची जात उलटविली, तरी वाचकांना तो बदल जाणवला नाही आणि त्यांचे वाचनही अडखळले नाही. मन अक्षराची ओळख त्याच्या रूपापासून वेगळी करून पुढे नेते, असा याचा अर्थ लावला जातो. शिवाय कॅप्स लॉकने उलटलेला बहुतेक प्रत्येक शब्द म्हणजे पहिले अक्षर सोडून मोठ्या अक्षरांतील, अथवा सर्वस्वी मोठ्या अक्षरांतील, परिचित शब्दच असतो. त्यामुळे एकदा चूक ध्यानात आली की वाचक सहज पुढे जातो.

पासवर्डच्या बाबतीतला गैरसमज मात्र अधिक गंभीर आहे. फेसबुक उलटलेल्या अक्षरांचा पासवर्ड स्वीकारते हे कळल्यावर, तेथे पासवर्ड उघड्या स्वरूपात साठविला जात असावा, अशी शंका घेतली गेली. तशी गरज नसते. साठविलेला असतो तो पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द काढणे व्यवहारात अशक्य मानले जाते असे गणिती रूप. टाइप केलेला शब्द न जुळल्यास त्याचीच अक्षरे उलटवून पुन्हा हॅश काढला आणि ताडून पाहिला की काम होते. राहुल चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या लॉगिन यंत्रणेवर केलेल्या अभ्यासात फसलेल्या प्रयत्नांपैकी सुमारे १० टक्के प्रयत्न अशा मोजक्या, सहज दुरुस्त होणाऱ्या चुकांमुळे फसल्याचे आढळले, आणि त्या शोधनिबंधाच्या शीर्षकाचा आरंभही `pASSWORD tYPOS` असा खोडकरपणे केलेला आहे.

देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळे मराठी लेखकाचा या चुकीशी संबंध येत नाही, हेही पूर्ण खरे नाही. आयट्रान्स या रोमन लेखनपद्धतीत `d` म्हणजे द आणि `D` म्हणजे ड, `n` म्हणजे न आणि `N` म्हणजे ण, तर `A` म्हणजे दीर्घ आ; त्यामुळे विंडोजवर `dANA` लिहिताना कॅप्स लॉक चालू राहिला तर `Dana` होते, आणि रूपांतरानंतर ‘दाणा’ऐवजी ‘डन’ उमटते, ज्यावरून नुसत्या नजरेने मूळ शब्द ओळखणे कोणत्याही वाचकाला साधणार नाही.