शोरूममध्ये जाताना बाळाची सीट सोबत न्या

घरात तान्हं बाळ असेल, तर गाडीच्या आधी बाळाची सीट विकत घ्यावी आणि ती काखोटीला मारून शोरूममध्ये जावं. सेल्समन जरा चमकेल, चमकू द्या. ब्रोशरमधली 'ऐसपैस जागा' मोठ्या माणसाच्या गुडघ्यांसाठी मोजलेली असते. तान्ह्याची सीट मात्र उलटी बसते, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे आणि पाठ पुढे. समोरून धडक बसली तर झटका कोवळ्या मानेवर न येता पूर्ण पाठीवर पसरावा, म्हणून. युरोपातल्या आर-१२९ नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत बाळ असंच बसवायचं असतं. पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, अशी सीट कधीही लावायची नाही. उघडणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

समजा, पिंपरीतलं एक कुटुंब आहे. सात महिन्यांची मुलगी, आई-बाबा आणि बहुतेक वेळा सोबत आजी. बाळाची सीट मागे डावीकडे लावणं सोयीचं, कारण आपल्याकडे फूटपाथ त्या बाजूला येतो. म्हणजे तिच्या पुढच्या सीटवर आई आणि ड्रायव्हरच्या मागे आजी. आता खरी कसोटी अशी: आधी आईने पुढे आरामात बसायचं, सीट हवी तेवढी मागे घ्यायची आणि मग मागे बाळाची सीट लावून पाहायची. बऱ्याच गाड्यांत आईला पुढे सरकावं लागतं. सरकून गुडघे डॅशबोर्डला टेकले, तर ती गाडी बाद, बाहेरून कितीही मोठी दिसली तरी. उंच छपराची छोटी हॅचबॅक इथे कधीकधी दांडग्या दिसणाऱ्या एसयूव्हीला हरवते.

जागा पुरत नाही म्हणून बाळाची सीट उभी करू नये. नवजात बाळाची मान धरलेली नसते. सीट उभी झाली की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडू शकतो. काही गाड्यांची मागची गादी मागच्या बाजूला बरीच उतरती असते, त्यानेही बाळाची सीट उभी होते. सीटच्या अंगावर कलाची खूण असते, ती सपाट जमिनीवर उभ्या गाडीत तपासावी.

आता आयसोफिक्स. मागच्या सीटची पाठ आणि गादी जिथे मिळतात, त्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात. एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर २८ सेंटिमीटर. बाळाच्या सीटचे दोन हात त्यांत अडकवले की खटका वाजतो आणि खूण हिरवी होते. सेल्समन 'आहे' म्हणतो, पण बोटं घालून स्वतः चाचपून पाहा. कड्या फार खोल असल्या की दर वेळी झटापट होते. गाडी घेतल्यावर बाहेरून लेदरचे सीट कव्हर चढवण्याची आपल्याकडे हौस असते. ते कव्हर या कड्यांवरच ताणून बसतं. बसवणाऱ्याला आधीच सांगून तिथे फट ठेवायला लावा.

दोन कड्यांनी सीट धरली जाते, पण ती पुढे कलंडू नये म्हणून तिसरा आधार लागतो. तो एकतर मागे अडकवायचा पट्टा असतो, नाहीतर जमिनीला टेकणारा पाय. पायाची सीट असेल तर त्याखालच्या फरशीत सामानाचा पोकळ कप्पा नाही ना, हे पाहा. तिथलं झाकण दाबाने आत जाऊ शकतं. आयसोफिक्स नसलेली सीट बेल्टने बांधता येते, पण काही गाड्यांचा बेल्ट तिला वळसा घालायला आखूडच पडतो. कशीही बांधली तरी, बेल्ट किंवा कड्या जिथून जातात तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली, तर ती नीट बसलेली नाही.

भारत एनकॅपच्या चाचणीत मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे दिलेले असतात. ४९ पैकीचे हे गुण पाहताना बाळाच्या सीट गाडीत किती नीट बसतात याचे १२ गुणही त्यातच धरलेले असतात.

राहिलं दार. टाटा अल्ट्रोझ आणि पंचची दारं ९० अंशांत उघडतात, त्यामुळे बाळाला आडवं धरून आत वाकता येतं. उंच छप्परही तितकंच कामाचं. उतरत्या छपराच्या गाडीत बाळाचं नाही, तरी आपलं डोकं हमखास आपटतं. पण सोसायटीतली पार्किंगची जागा जेमतेम अडीच मीटर रुंद असते. पावणेदोन मीटरची गाडी लावली की दोन्ही बाजूंना मिळून पाऊण मीटर उरतं आणि ९० अंश कागदावरच राहतात. म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी आणा, आपल्या जागेत लावा, शेजारच्याची गाडी तिथे असतानाच मागचं दार उघडा आणि बाळाला उचलून पाहा. जमलं नाही, तर गाडी आत लावण्याआधी बाळाला गेटपाशीच उतरवून घ्यावं लागेल, आणि पावसाळ्यात ते रोज परवडेल का, हे आजींना विचारूनच बुकिंग करा.