ग्रीटिंग मेसेजमध्ये ‘नाही’ पण लिहा

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर बऱ्याच दुकानांचा ग्रीटिंग मेसेज असा असतो: ‘संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच उत्तर देऊ.’ यातून ग्राहकाला काय कळलं? काहीच नाही.

माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. माझ्या मेसेजमध्ये आधी ‘सर्व घरगुती उपकरणांची सेवा, २४ तास’ असं होतं. ऐकायला भारी! एक ताई तो वाचून दोन बस बदलून मिक्सर घेऊन आल्या. बिल पाहिलं तर वॉरंटी चालू. मी मिक्सर उघडला असता तर कंपनीने वॉरंटी नाकारली असती. त्यांना तसंच परत जावं लागलं. चूक माझ्या मेसेजची होती.

त्या रात्री मी मेसेज बदलला:

‘नमस्कार! आम्ही मिक्सर, पंखा, इस्त्री दुरुस्त करतो. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन करत नाही. घरी येत नाही, वस्तू दुकानात आणावी लागते. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. मेसेजला उत्तर सकाळी १० ते रात्री ८, सोमवारी बंद. वस्तूचा फोटो आणि काय बिघडलंय ते पाठवा.’

यात बघा, जिथे आपण ‘नाही’ म्हणतो तिथे जमलं तर पुढचा रस्ताही सांगायचा. नुसतं ‘वॉरंटीचं काम करत नाही’ लिहिलं तर माणूस अडकतो. आणि ‘लवकरच’ हा शब्द काढाच. तुमचं लवकरच म्हणजे उद्या, त्याचं म्हणजे पाच मिनिटं. भांडण तिथेच सुरू होतं.

आता सेटिंग. Business tools मध्ये Greeting message आहे. हा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, किंवा १४ दिवस चॅट बंद असेल तर पुन्हा जातो. म्हणजे परवाच बोललेल्या ग्राहकाने रविवारी रात्री ११ वाजता लिहिलं तर त्याला तो जाणार नाही. त्यासाठी Away message वेगळा लावायचा आणि दुकानाच्या वेळा भरायच्या. Recipients पण तपासा. तिथे फक्त सेव्ह नसलेले नंबर निवडले असतील, तर सेव्ह केलेल्या ग्राहकांना मेसेज जातच नाही. कधीच चॅट न झालेल्या नंबरवरून स्वतः ‘हाय’ पाठवून बघा.

मेसेज जमलाय का, हे ग्राहकाच्या पुढच्या ओळीवरून कळतं. तो परत ‘फ्रिज करता का?’ विचारत असेल तर मेसेज लांब झालाय किंवा ती ओळ खाली दबलीये, वर घ्या. मी दर महिन्याला शेवटच्या वीस चॅट्स उघडून बघतो. मागच्या वेळी सहा जणांनी कुकरच्या रिंगबद्दल विचारलं होतं. आम्ही रिंग ठेवत नाही. ती ओळ आता मेसेजमध्ये आहे.